मानेतली गाठ आणि एक लाल काडी

लग्नाला गेले की बायका नवरीचा शालू बघतात, मी माणसांच्या माना बघते. सवयच तशी लागली आहे. आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या तेलंगणाकडच्या काठाला, सीमेवरच्या एका मंडळातल्या, म्हणजे लहान तालुक्यातल्या, सरकारी आरोग्य केंद्रात मी एकोणीस वर्षं लॅब टेक्निशियन आहे. काम मुख्यतः टीबीचं. थुंकीच्या डब्या, काचेच्या पट्ट्या, रंगाच्या बाटल्या आणि एक मायक्रोस्कोप, एवढाच माझा संसार. लग्न मी केलं नाही, त्यामुळे दुसरा संसार कधी आड आला नाही.

आमच्या भागात माझ्या डोळ्यांना मोठा मान होता. डॉक्टर बदलत, दोन-दोन वर्षांनी नवे येत, मी तिथेच. नवा डॉक्टर आला की चार दिवसांत त्याला कळायचं की पट्टीवर या बाईला जंतू दिसला म्हणजे तो असतोच, आणि नाही दिसला तर पुन्हा बघायला सांगण्यात अर्थ नाही. मला या गोष्टीचा गर्व होता. आता लपवून काय करायचं आहे?

थुंकीबरोबर लोक माना घेऊनही यायचे. मान पुढे करून उभे राहायचे, "मॅडम, हे पाहा न." मी विचारायची, दुखते का? उत्तर ठरलेलं, "दुखत नाही न, म्हून तं इतके दिवस आलो नाही." मानेच्या गाठीची सगळी खोड या एका वाक्यात आहे. दुखणारी गाठ माणसाला पळवत आणते. ती बहुतेक साधी निघते, किडलेल्या दाढेची, घशाच्या सुजेची, डोक्यातल्या फोडांची, आणि आठ-पंधरा दिवसांत उतरते. न दुखणारी गाठ गुपचूप बसून राहते. मी हात लावून बघायची. आवंढा गिळताना वर-खाली झाली तर ती थायरॉईडची. म्हाताऱ्या, तंबाखूचा खर्रा खाणाऱ्याची, दगडासारखी कडक आणि हलवून न हलणारी असली तर मी आधी तोंड उघडायला लावायची, कारण मूळ जिभेखाली नाहीतर गालात असायचं. आणि तरण्या-मध्यम वयाच्या माणसाच्या मानेत दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटून बसल्या असल्या, तर ती टीबी. आमच्याकडे तिला जुनी माणसं गंडमाळ म्हणतात. ती कधी पिकते, फुटते, वाहते, आणि सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होते. अशा किती तरी माना मी बऱ्या झालेल्या पाहिल्या. त्यातल्या काही बाया अजून बाजारात भेटल्या की पदर सारून गळा दाखवतात.

आणखी एक जात असते. रबरासारखी लागणारी, बोटाखाली सरकणारी, अजिबात न दुखणारी गाठ. लिम्फोमा, म्हणजे या गाठींचाच कॅन्सर. प्रशिक्षणात मी हे ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. पण शंभर माना टीबीच्या बघितल्यावर वहीतलं कोण उघडून बघतं?

माझा भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आईबाप दुसऱ्यांच्या वावरात जायचे, त्यामुळे तो माझ्या कडेवर वाढला. बाबासाहेबांचा फोटो, दोन ताटं आणि हे पोर, एवढं घर मी सांभाळायची. पुढे मी नोकरीला लागले, तो शिकला आणि तहसील कचेरीत क्लार्क झाला. कचेरीतली जुनी उर्दू त्याच्या जिभेवर बसली होती आणि तो ती माझ्यावर वापरायचा. मी भाजी आणायला सांगितली की म्हणायचा, "हुकुमाची तामील होईल, सरकार." मी रागावले की, "दरखास्त नामंजूर झाली वाटते." लग्न झालं, मुलगी झाली, तरी माझ्याशी वागणं तेच. कोणतीही गोष्ट असो, जमिनीचा तुकडा घ्यायचा की मुलीला कोणत्या शाळेत घालायचं, तो बायकोला सांगायचा, "ताईले विचारून येतो."

ती गाठ मलाच दिसली. रविवारी सकाळी विहारात वंदनेला निघालो होतो. तो अंगणात उभा राहून पांढऱ्या सदऱ्याचं गळ्याचं बटण लावत होता आणि ते लागत नव्हतं. मी जवळ गेले. डाव्या बाजूला, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या जरा वर, आवळ्याएवढं काहीतरी होतं.

"कवापासून आहे हे?"

"असंल महिना-दीड महिना. दुखत नाही."

"सांगितलं काऊन नाही?"

"अवं ताई, दुखतच नाही तं काय सांगू?"

मी बोटं लावली. ती सरकली. रबरासारखी लागली. हे आज मी ठामपणे सांगते, कारण ती बोटांना झालेली जाणीव अजून गेलेली नाही. पण त्या सकाळी मी हसून म्हटलं, "टीबीची असंल. तोंड काय पाडतो? सहा महिने गोळ्या खा, गाठ गायब." त्याचा चेहरा उतरला होता, तो सावरला. म्हणाला, "घरची डाक्टरीण असल्यावर कायची भीती?" आणि आम्ही वंदनेला गेलो.

पुढची वाट नेहमीची होती. आमच्या डॉक्टरांनी दात, घसा, डोकं तपासलं, दोन आठवडे अँटिबायोटिक दिलं. गाठ जशीच्या तशी. एक्स-रे साफ. एचआयव्हीची तपासणी ठीक. थुंकी मी तपासली, पण खोकलाच नाही तर थुंकीत काय निघणार? मग जिल्ह्याच्या गावी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे सुई घालून गाठीतलं पाणी काढलं.

तिथली डॉक्टर तरुण होती, तेलुगू बोलणारी. आमच्याशी हिंदीत बोलायची. रिपोर्ट तिने आमच्यापुढे ठेवला. त्यात लिहिलं होतं, ग्रॅन्युलोमा आहेत. म्हणजे शरीराने कशाला तरी घेरून पेशींचे गोळे बांधले आहेत. टीबीत असे गोळे हमखास असतात. पण टीबीत गोळ्याच्या पोटात जो सडका, खव्यासारखा भाग असतो, तो नव्हता. जंतू दिसले नव्हते. सीबीनॅट यंत्रावर घातलं, तिथेही टीबी नाही असंच आलं.

ती म्हणाली, "अम्मा, ये पूरी गाठ निकाल के देखना पड़ेगा."

मी विचारलं, कशाला? तिने एकेक गोष्ट बोटावर मोजून सांगितली. दीड-दोन महिने झाले, औषधाने उतरली नाही. दोन सेंटिमीटरहून मोठी आहे. गळ्याच्या हाडाच्या वर आहे, आणि तिथली गाठ मोठ्या माणसात कधीच साधी समजायची नसते. ग्रॅन्युलोमा आहेत, पण टीबीचा पुरावा एकही नाही, आणि असे गोळे दुसऱ्या आजारातही होतात, लिम्फोमातसुद्धा. सुईत चार पेशी येतात. भिंतीतून चार विटा काढून घराचा नकाशा कळत नाही, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली. पूर्ण गाठ काढायची, अर्धी फॉर्मॅलिनमध्ये ठेवून कॅन्सरसाठी बघायची, अर्धी सलाईनमध्ये टीबीच्या तपासणीसाठी पाठवायची. लहानसं ऑपरेशन, त्याच दिवशी घरी.

मी तिच्या वयाकडे बघत होते. माझी नोकरी लागली तेव्हा ही पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात असेल, असं मनात आलं. मी तिला म्हटलं की गाठीच्या टीबीत जंतू थोडेच असतात, सीबीनॅट पुष्कळदा चुकवतं. ते खरं होतं. मी म्हटलं की टीबीची गाठ कापली की जखम महिनोन्‌महिने वाहते, मी अशा माना पाहिल्या आहेत. तेही खरं होतं. ती म्हणाली, ते पिकलेल्या गाठीला चीर दिल्यावर होतं, आख्खी गाठ काढणं वेगळं. हे तर माझ्या म्हणण्याहून जास्त खरं होतं, पण मी ऐकलं नाही. मी भावाकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता.

"तू सांगशीन तसं, ताई," तो म्हणाला.

मी तिला सांगितलं, दोन दिवसांनी कळवतो. आणि निघताना तिथल्या लॅबमधल्या ओळखीच्या मुलीकडून सुईच्या पाण्याची एक पट्टी मागून घेतली. रंग न लावलेली, जादाची होती. रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि बसने घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सगळे पेशंट गेल्यावर मी ती पट्टी रंगवली. आधी लाल रंग, खालून वाफ येईपर्यंत गरम करायचा. मग आम्लाने धुवायचं. मग निळा रंग. सगळ्याचा लाल रंग आम्ल काढून टाकतं, टीबीच्या जंतूचा मात्र निघत नाही. म्हणून निळ्या जमिनीवर तो लाल बारीक काडीसारखा दिसतो. तेलाचा थेंब टाकून मी डोळा लावला. शंभर जागा बघायचा नियम आहे. मी शंभर बघितल्या. काही नाही. दोनशे बघितल्या. उठून पाणी प्यायले, पुन्हा बसले. तीनशेच्या पुढे एका कडेला मला एक लाल काडी दिसली.

एकच. पट्टीच्या काठाला, जिथे रंग साचतो तिथे. जरा जाड, टोकं तुटकी. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या मुलींना मी अशी काडी दाखवून किती वेळा झापलं होतं, "हा रंगाचा कचरा आहे. पट्टी टाक, दुसरी कर." रजिस्टरमध्ये मी असली काडी कधी लिहिली नाही.

त्या दिवशी मी तिच्याकडे खूप वेळ बघत राहिले. मला ती जंतू असायला हवी होती. टीबी झाला असता तर तो माझ्या हातातला आजार होता. त्याच्या गोळ्या माझ्या केंद्राच्या कपाटात होत्या. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात आला असता तर मी काय करणार होते? मी घाबरले होते, एवढीच ती गोष्ट. आणि घाबरलेलं माणूस शहाणपणाचा आव आणतं, तो आव माझ्याकडे एकोणीस वर्षांचा होता.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "सर, मला एक दिसला."

ते उठून बघायला आलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "तुम्हाला दिसला ना? मग झालं." त्यांनी गोळ्या सुरू केल्या. जिल्ह्याच्या गावी जाऊन आम्ही त्या तरुण डॉक्टरला सांगितलं की टीबी निघाला, ऑपरेशन नको. तिने भावाचे कागद पुढे ओढले. म्हणाली, दोन महिन्यांत गाठ अर्धी झाली नाही, किंवा नवी आली, ताप आला, वजन उतरलं, तर त्याच दिवशी आणा. आणि कागदावर लिहिलं की बायोप्सीचा सल्ला दिला, पेशंटची तयारी नाही. खाली भावाने सही केली. कचेरीतल्यासारखी, शेपटीला वेलांटी काढून.

पहिला महिना माझा होता. लघवी लाल झाली म्हणून तो घाबरून केंद्रात आला, तर मी सगळ्यांसमोर त्याची फजिती केली, "गोळीचा रंग आहे, लाल फितीच्या कचेरीतला माणूस लाल रंगाला भितो?" गाठ थोडी लहान झाली. खरंच झाली, मी मोजपट्टीने मोजली. आता मला कळलं आहे की लिम्फोमाच्या गाठी आपल्या आपणच कमी-जास्त होतात. तेव्हा मी भावजयीला पेढे आणायला लावले. ती बिचारी पेढे घेऊन विहारातही वाटून आली.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी गाठ पुन्हा पहिल्याएवढी झाली. तिसऱ्यात बाजूला दुसरी आली. मी म्हटलं, गोळ्या चालू असताना टीबीच्या गाठी कधीकधी आधी वाढतात, मग उतरतात. हे पुस्तकात आहे, आणि मी पाहिलेलं आहे. माझ्या प्रत्येक चुकीला असा एक खरा आधार होता. त्याला खाज सुटली. पायांच्या नडग्या खाजवून खाजवून रक्त काढायचा. मी म्हटलं, गोळ्यांची खाज. सकाळी भावजय उशीची खोळ पिळून वाळत घालायची, घामाने इतकी भिजलेली असायची. मी म्हटलं, टीबीत घाम येतोच. वजन चार किलो उतरलं तेव्हा तो आरशात बघून म्हणाला, "ताई, जवान दिसून राह्यलो न मी?"

भावजय एकदा धीर करून म्हणाली, "ताई, त्या मॅडमनं सांगितलं होतं न, नवी गाठ आली तं आणजा म्हून. जाऊन याचं का?"

मी तिला म्हटलं, "तुले जास्त समजते का माह्यापेक्षा?" तिला मी तेव्हा चपराक मारली असती तरी चाललं असतं. त्याने तिला कमी लागलं असतं.

चौथ्या महिन्यात एका खासगी डॉक्टरकडे मीच त्याला घेऊन गेले आणि मीच सांगितलं की टीबी आहे, औषधाने गाठी सुजल्या आहेत. त्यांनी माझ्या शब्दावर स्टिरॉईड दिलं. पंधरा दिवसांत गाठी विरघळल्या. ताप गेला, खाज गेली, तो दोन-दोन भाकरी खाऊ लागला. मी सगळ्यांना तोऱ्यात सांगत सुटले. लिम्फोमाही स्टिरॉईडने असाच काही दिवस वितळतो, म्हणून गाठ तपासल्याशिवाय ते द्यायचं नसतं, हे मला नंतर सांगण्यात आलं. गोळी थांबली आणि तीन आठवड्यांत गाठी परत आल्या. या वेळी दोन्ही बाजूंना, काखेतही. त्याचा चेहरा सुजला, आडवं पडलं की धाप लागायची.

मग मात्र मी काही म्हटलं नाही. बसमध्ये तो खिडकीशी डोकं टेकून बसला होता आणि मी त्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्याच तरुण डॉक्टरकडे गेलो. तिने मान बघितली, काखा बघितल्या, पोटावर हात दाबून प्लीहा बघितली. मला ती बोलली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आज ही निकालते हैं." मानेतली एक गाठ तिने पूर्ण काढली. तेवढ्या जागेला भूल देऊन, तासाभरात. चार टाके पडले. जखम आठ दिवसांत कोरडी झाली. एक थेंबही वाहिली नाही.

रिपोर्ट आला, हॉजकिन लिम्फोमा. आणि टीबीसाठी पाठवलेल्या अर्ध्या भागात टीबी नव्हता.

हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात त्यांनी सगळं शरीर तपासलं. छातीत, पोटात, हाडाच्या मगजात, सगळीकडे पोचला होता. चौथी, म्हणजे शेवटची पायरी. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं की हा कॅन्सर असा आहे की लवकर सापडला तर बहुतेक माणसं बरी होतात, चौथ्या पायरीवरही पुष्कळ होतात, फक्त शरीर तेवढं टिकायला हवं. मी विचारलं, पहिल्या रिपोर्टमधले ग्रॅन्युलोमा कसले? ते म्हणाले, या आजारात कधीकधी वाईट पेशींभोवती शरीर असे गोळे बांधतं. सुई त्या गोळ्यात गेली, वाईट पेशी थोड्याच असतात, त्या आल्या नाहीत. म्हणून तर आख्खी गाठ लागते. त्यांचा आवाज शांत होता. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला वाटत होतं की कोणीतरी मला ओरडावं.

केमोथेरपी तीन वेळा झाली. दुसऱ्या वेळेनंतर गाठी पुष्कळ उतरल्या होत्या. केस गेले तेव्हा मुलीने त्याच्या टकलावरून हात फिरवला, तर तो म्हणाला, "पहाणी करून राह्यली का? लिहून घे, पीक नाही." आम्ही हसलो होतो. त्या वॉर्डात आम्ही खरंच हसलो होतो, आणि मला आशा वाटली होती. तिसऱ्या वेळेनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या आणि त्याला न्यूमोनिया झाला. इतके महिने आजाराने पोखरलेल्या अंगात झुंजायला काही उरलं नव्हतं. दुपारी जेवणाची ताटं वाटत होते तेव्हा तो गेला. मी त्याच्यासाठी ताट घेऊन ठेवलं होतं.

तो छत्तीस वर्षांचा होता. मी त्याला चालायला शिकवलं होतं.

लोक माझंच सांत्वन करायला आले. "मॅडमनं किती केलं भावासाठी," असं बाया म्हणायच्या, "पोटच्या पोरावानी सांभाळलं." मी ऐकून घ्यायची. केंद्रात परत रुजू झाले, तर नव्या पट्ट्यांचा ढीग वाट बघत होता. मी डोळा लावायची आणि मला प्रत्येक पट्टीच्या काठाला लाल काड्या दिसायच्या. एक पट्टी मी चार-चार वेळा करू लागले. डॉक्टर म्हणाले, सुट्टी घ्या. मी घेतली नाही. घरी बसून काय केलं असतं?

त्या काडीबद्दल कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर मानत होते की मला जंतू दिसला होता, नशिबाने दोन्ही आजार असतील. असं होतंही. माझ्यापाशी हा शेवटचा खरा आधार उरला होता आणि तो धरून मी जन्म काढू शकले असते.

मृत्यूनंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मुलगी शाळेत गेली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. की मला काडी दिसली ती जंतू नव्हती. की मला तेव्हाच माहीत होतं, निदान निम्मं माहीत होतं. की दुसऱ्या कोणाचा भाऊ असता तर मी ती पट्टी टाकून दिली असती आणि सांगितलं असतं, ऑपरेशन करून घ्या. की मी डॉक्टरशी खोटं बोलले.

तिचे हात सुपात फिरत राहिले. मग थांबले.

"माहीत होतं," ती म्हणाली.

मला कळेना. तिने वर न बघता सांगितलं. हैदराबादला दुसऱ्या केमोच्या वेळी मी औषध आणायला खाली गेले होते, तेव्हा त्याने डॉक्टरांना विचारलं होतं की माझ्या ताईला एक जंतू दिसला होता, तो कुठे गेला? डॉक्टर म्हणाले होते, एकच दिसला असेल तर तो बहुधा रंगाचा डाग असतो, जाणत्या माणसाला ते कळतं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. मग त्याने बायकोला जवळ बोलावलं आणि मुलीची शपथ घातली.

"म्हणे, ताईले कधी बोलजो नको. ती मरून जाईन म्हणे. मी गेल्यावरही नको बोलजो."

मी रडू लागले. मला वाटलं, आता ती माझ्या पाठीवर हात ठेवेल. अजूनही माझी अपेक्षा तीच होती, मला त्याची आज लाज वाटते. तिने सूप बाजूला सरकवलं.

"मी बोलली नाही, ताई. एवढे दिवस तुमच्या हातचा चहा पेली, पण बोलली नाही. आता तुमीच काढलं. मंग मी बोलू?"

मी होकाराची मान हलवली.

"तुमी हो म्हणल्या असत्या, तं त्यायनं आपली मान काढून देल्ली असती तुमच्या हातात," ती म्हणाली. "अन् त्या मॅडमले तं एक गाठच पायजे होती."